परिच्छेदातलं मुख्य वाक्य कसं ओळखावं

मंडळी, नियम सांगत बसण्यापेक्षा आपण एक दाट परिच्छेद घेऊ. विषय तुमच्याच गोव्यातला आहे: खाडीकाठी बांध घालून राखलेली खाजन शेतं.

"खाजन शेतं भरतीच्या पाण्याच्या पातळीहून खाली असतात. बांधात बसवलेल्या मानशीची लाकडी दारं भरतीच्या दाबाने आपोआप मिटतात आणि ओहोटीला उघडून आतलं पाणी बाहेर सोडतात. थोडा खारेपणा सोसणारं कोरगुट भात इथे पिकतं. बांध एका जागी फुटला, तरी खारं पाणी सगळ्यांच्याच शेतात शिरतं. त्यामुळे खाजन राखणं हे एकट्या शेतकऱ्याचं काम नव्हतं. बांधांची देखभाल गावकारी, म्हणजे गावकऱ्यांची सामूहिक संस्था, पाहत असे."

यातला मुख्य मुद्दा विचारला की बरीच मुलं मानशीच्या दारांवर बोट ठेवतात. ते साहजिक आहे, कारण आपोआप मिटणारं दार डोळ्यांसमोर उभं राहतं. पण लक्षात राहणं वेगळं आणि मुख्य असणं वेगळं.

मी प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारायला लावतो: "कशावरून?" दारांच्या वाक्याला विचारा. बाकीची वाक्यं गप्प राहतात; कोरगुट किंवा गावकारी यांवरून दारं आपोआप मिटतात हे काही ठरत नाही. आता "एकट्या शेतकऱ्याचं काम नव्हतं" याला विचारा. लगेच उत्तरं येतात. एका जागी फुटलं की सगळ्यांचं नुकसान. तसं का? तर शेतं भरतीच्या खाली आहेत. आणि प्रत्यक्षात राखत कोण होतं? गावकारी. ज्या वाक्याच्या बाजूने बाकीची वाक्यं साक्ष देतात, ते मुख्य. दारांचं वाक्य बांध कसा काम करतो हे सांगतं, म्हणून ते आधाराचा तपशील ठरतं.

इथे "त्यामुळे" हा शब्द मदतीला आला, पण त्याच्यावर विसंबू नका. "कोरगुट थोडा खारेपणा सोसतं, त्यामुळे इथे तेच पेरतात" असंही लिहिता येतं, आणि तिथे दोन्ही बाजूंना तपशीलच असतात. मुख्य वाक्य पहिलंच असतं, ही समजूतही इथे फसते. पहिलं वाक्य इथे पायाचं आहे, निष्कर्षाचं नाही.

कठीण प्रकार पुढे आहे. ते पाचवं वाक्य खोडून टाका. मुद्दा जात नाही, फक्त लिहिलेला राहत नाही. मग तो वाचणाऱ्याने बांधायचा. इथे मुलं "खाजन शेतीची माहिती" असं लिहितात. तो विषय झाला, मुद्दा नव्हे. मुद्द्यात कोणीतरी काहीतरी ठामपणे म्हटलेलं असतं, म्हणून त्याचं पूर्ण वाक्य करा आणि ते परिच्छेदावर ठेवून बघा. "गोव्याची शेती सामूहिक होती" हे फार रुंद. इथे फक्त खाजनाबद्दलच बोललंय. "बांध फुटला की नुकसान होतं" हे अरुंद, कारण गावकारी बाहेर राहते.

राहता राहिलं कोरगुट. ते या मुद्द्याला जेमतेम चिकटतं. असं वाक्य ओढूनताणून बसवू नका. सारांश लिहिताना सगळ्यात आधी तेच गाळा.