मुळं किती लांब जाऊ शकतात? कोशीची मर्यादा

[पडदा: x³ − 7x + 6 = 0]

ही एक त्रिघाती बहुपदी. तिची मुळं अजून काढलेली नाहीत असं धरू. सूत्र वापरायचं नाही, आलेख काढायचा नाही, एकही किंमत घालून बघायची नाही. समोर फक्त सहगुणक आहेत: १, ०, उणे ७ आणि ६. एवढ्यावरून सांगता येईल का, की मुळं शून्यापासून जास्तीत जास्त किती लांब असतील?

सांगता येतं, तेही तोंडी. चिन्हं बाजूला ठेवा. सर्वोच्च घाताचा सहगुणक १ आहे. उरलेल्यांत सगळ्यात मोठा ७. त्यात १ मिळवले की ८. या बहुपदीची सगळी मुळं, वास्तव असोत की संमिश्र, शून्याभोवती काढलेल्या ८ त्रिज्येच्या वर्तुळाच्या आतच आहेत.

[पडदा: |x| < 1 + M, M = max |aᵢ / aₙ|, i < n]

सर्वोच्च घाताचा सहगुणक १ नसेल, तर आधी त्याने सगळ्यांना भागायचं. बाकी काही करायचं नाही. फ्रेंच गणिती ऑग्युस्तँ-लुई कोशी यांनी ही मर्यादा १८२९ साली प्रसिद्ध केली. त्याच वर्षी स्टर्म यांनी, दिलेल्या अंतरात बहुपदीची किती वास्तव मुळं आहेत हे मोजण्याची पद्धत मांडली. पण मोजायला आधी अंतर ठरवावं लागतं, आणि कुठे सुरू करून कुठे थांबायचं हे कोशीच्या मर्यादेवरून ठरवता येतं.

आता हे ८ आले कुठून ते बघू. सिद्धता छोटी आहे, आणि मर्यादा कुठे सैल पडते तेही तिच्यातच दिसतं.

समजा x हे मूळ आहे आणि त्याचं केवल मूल्य R. R एक किंवा त्याहून लहान असेल तर प्रश्नच नाही, ते वर्तुळात आहेच. म्हणून R एकापेक्षा मोठा धरू. x मूळ आहे, म्हणजे x³ हे पद आणि उरलेली पदं मिळून बेरीज शून्य होते. उरलेल्या पदांना x³ खोडून काढायचं असेल, तर त्यांच्यात मिळून निदान R³ एवढी ताकद हवी. प्रत्येक सहगुणक जास्तीत जास्त ७ आहे, म्हणून:

[पडदा: R³ ≤ 7 (R² + R + 1)]

कंसातली बेरीज ही भूमिती श्रेढी आहे. तिची किंमत R³ − 1 भागिले R − 1, म्हणजे R³ भागिले R − 1 पेक्षा थोडी कमीच.

[पडदा: R³ < 7 · R³ / (R − 1)]

दोन्ही बाजूंचा R³ गेला. उरलं ते R − 1 < 7. म्हणून R आठपेक्षा लहान.

आता याच ओळींकडे जरा बारकाईने बघा. x² चा सहगुणक शून्य होता, तरी आपण त्याला ७ दिले. स्थिर पद ६ होतं, त्यालाही ७ दिले. जे सहगुणक खरोखर आहेत तेच ठेवले तर काय होईल?

[पडदा: R³ = 7R + 6]

या समीकरणाला एकच धन मूळ आहे, कारण एकदा R³ पुढे गेला की पुन्हा मागे पडत नाही. R ला ३ घाला. डावीकडे २७. उजवीकडे ७ गुणिले ३, म्हणजे २१, अधिक ६, तेही २७. म्हणून मर्यादा ३. हीसुद्धा कोशीचीच. ती वापरायला एक समीकरण सोडवावं लागतं, आणि ते सोडवायला नको म्हणून १ + M हे सोपं रूप आहे.

मूळ बहुपदीची मुळं आहेत १, २ आणि उणे ३. म्हणजे ही मर्यादा नुसती खरी नाही, सगळ्यात लांबच्या मुळाला ती अगदी चिकटून आहे. का, ते उणे ३ घालून बघा. x³ होतो उणे २७. उणे ७x होतं अधिक २१, आणि ६ तर अधिक आहेतच. खालची दोन्ही पदं एकाच बाजूने ओढतात. एकमेकांत काहीच वाया जात नाही, आणि म्हणूनच सगळी ताकद लागू होते.

दर वेळी असं जमत नाही.

[पडदा: x² − 2x + 1 आणि x² − 2x − 1]

या दोघींत फरक फक्त शेवटच्या चिन्हाचा. चिन्हं सोडल्यावर दोघी एकच दिसतात, म्हणून मर्यादाही एकच येते: R² = 2R + 1 वरून १ अधिक वर्गमूळ २, सुमारे २.४१. उजवीकडच्या बहुपदीचं मोठं मूळ नेमकं तेवढंच आहे. डावीकडची मात्र x − 1 चा वर्ग आहे. तिची दोन्ही मुळं १ वरच बसली आहेत.

मला या विषयात सगळ्यात महत्त्वाची वाटते ती ही जोडी. फक्त केवल मूल्यं वापरणारी मर्यादा एका बहुपदीबद्दल बोलतच नसते. ती त्याच केवल मूल्यांच्या सगळ्या बहुपदींबद्दल एकदम बोलते, आणि त्यांतल्या सगळ्यात वाईट बहुपदीला पुरेल एवढीच त्रिज्या देते. मग तुमची बहुपदी तेवढी वाईट नसेल, तर मर्यादा सैल वाटणारच. घात वाढला की हे अंतरही वाढतं. x − 1 चा विसावा घात घेतला, तर सगळी मुळं १ वर असूनही हे समीकरण सोडवून मिळणारी मर्यादा २८ च्या पुढे जाते.

सैलपणाचं दुसरं कारण मात्र आपल्या हातात आहे. ते म्हणजे मापन.

[पडदा: x³ − 1000 = 0]

याची तिन्ही मुळं शून्यापासून बरोबर १० अंतरावर आहेत. कोशीची सोपी मर्यादा सांगते १००१. मर्यादा खरी आहे, पण तिचा उपयोग काय? आता x च्या जागी १०y घाला आणि १००० ने भागा. उरतं y³ − 1. त्याची मर्यादा २. पुन्हा x कडे परत आलं की २०. बहुपदी तीच, सूत्र तेच, फक्त मोजायची पट्टी बदलली.

असं होतं, कारण १ + M मधला १ हा पट्टीवर अवलंबून आहे. मुळं दहापट केली, तर प्रामाणिक मर्यादाही दहापटच व्हायला हवी. पण त्याने स्थिर पद हजारपट होतं आणि M त्याच्या मागे धावतो. म्हणून आधी पट्टी निवडायची: x = ry. r असा घ्यायचा की नव्या बहुपदीतला एकही सहगुणक, सर्वोच्च सहगुणकाने भागल्यावर, १ च्या वर जाऊ नये. मग M जास्तीत जास्त १, y ची मर्यादा २, आणि x ची 2r.

[पडदा: r = max |aₙ₋ₖ / aₙ|^(1/k), |x| ≤ 2r]

पहिल्या बहुपदीत ७ हा सहगुणक सर्वोच्च घातापासून दोन पायऱ्या खाली आहे, म्हणून त्याचं वर्गमूळ, २.६५. ६ तीन पायऱ्या खाली आहे, म्हणून घनमूळ, १.८२. मोठा घ्या आणि दुप्पट करा: ५.२९. आठवरून थेट सव्वापाचवर आलो, आणि कुठलंही समीकरण सोडवलं नाही. जपानी गणिती फुजिवारा यांनी १९१६ मध्ये स्थिर पदाला आधी अर्धं करून ही मर्यादा आणखी थोडी आवळली.

आठ की सव्वापाच, याने कुणाचं फारसं बिघडत नाही. पण घात वाढू द्या.

[पडदा: (x − 1)(x − 2)(x − 3) … (x − 20)]

ही इंग्लिश गणिती जेम्स विल्किन्सन यांची बहुपदी. मुळं १ ते २०, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण कंस सोडवून लिहिली, तर x² चा सहगुणक सुमारे १.३८ लाख कोटी कोटी होतो, म्हणजे १.३८ गुणिले १० चा १९ वा घात. कोशीची सोपी मर्यादाही तेवढीच. पट्टी बदलून मोजलं, तर सगळ्यात मोठा r येतो x¹⁹ च्या सहगुणकातून. तो २१०. मर्यादा ४२०.

हा फरक नुसता कागदावरचा नाही. सगळी मुळं एकदम शोधणाऱ्या पद्धती सुरुवातीचे अंदाज एका वर्तुळावर मांडतात. वर्तुळाची त्रिज्या १.३८ गुणिले १० चा १९ वा घात ठेवली, तर पहिल्याच फेरीत x²⁰ काढताना १० चा ३८२ वा घात लागतो. संगणकाच्या नेहमीच्या ६४ बिटांच्या फ्लोटिंग-पॉइंट संख्यांत १० च्या ३०८ व्या घातापलीकडे जागाच नाही. उत्तर येतं `inf`. पुढच्या वजाबाकीत `inf` मधून `inf` जातं आणि छापलं जातं `nan`. अशा वेळी पद्धतीत चूक शोधत बसण्याआधी सुरुवातीची त्रिज्या छापून बघावी. ४२० चा विसावा घात १० च्या ५३ व्या घाताच्या आत राहतो, आणि गणित सुरळीत चालतं.

पट्टी बदलूनही मर्यादा खाली येत नसेल, तर नजर सर्वोच्च सहगुणकाकडे वळवा.

[पडदा: 0.001x² + x − 1 = 0]

०.००१ ने भागल्यावर कोशीची मर्यादा १००१. इथे ती सैल नाही. एक मूळ ०.९९९ जवळ आहे, आणि दुसरं खरोखर उणे १०००.९९९ वर. सर्वोच्च सहगुणक शून्याकडे सरकतो, तसं एक मूळ लांब लांब पळत जातं, आणि मर्यादा ते बरोबर सांगते. पण समजा तो ०.००१ मोजमापातून आलेला नसून दोन जवळपास सारख्या संख्यांच्या वजाबाकीतून उरलेला आहे. मग ते लांबचं मूळ त्या उरलेल्या कचऱ्याचं आहे, तुमच्या प्रश्नाचं नाही. मर्यादेला हा फरक कळत नाही. तिच्यापुढे फक्त सहगुणक असतात. ते कुठून आले, कितव्या अंकापर्यंत भरवशाचे आहेत, हे पाहून सर्वोच्च पद ठेवायचं की काढून एक घात खाली यायचं, हे भागाकार करण्याआधी आपल्यालाच ठरवावं लागतं.