रेघेखालची जागा
(नाटकांचे फलक आणि बॅनर करणाऱ्यांसमोर फोंड्यात दिलेलं व्याख्यान, संपादित)

नमस्कार. अक्षरांमधली अंतरं कशी जुळवायची ते दाखवायला आज मी एकच मथळा घेऊन आलोय. मागे पडद्यावर दिसतोय तो: रवींद्र भवन. मडगाव, कुडचडे, साखळी, वास्को, कुठलंही घ्या. नाटकाच्या बॅनरवर हे दोन शब्द तुम्ही सगळ्यांनी कधी ना कधी लावले आहेत. मी इथे फक्त टाइप केलंय आणि मोठं केलंय, बाकी हात लावलेला नाही. बघा जरा. काहीतरी खटकतंय, पण बोट कुठे ठेवायचं ते चटकन सुचत नाही.

सुचत नाही याला कारण शिरोरेषा. वरून सलग रेघ गेली की डोळ्याला वाटतं, अक्षरं नीट जोडलेली आहेत. म्हणून पहिलं काम सांगतो ते करा. कागदाची पट्टी घेऊन रेघ झाका. स्क्रीनवर असेल तर पार्श्वभूमीच्याच रंगाचा एक आयत रेघेवर ठेवा. आता खालचे तुकडे उरले: दांड्या, पोटं, गाठी आणि त्यांच्यामधली पांढरी जागा. आपल्याला सारखी करायची आहे ती ही जागा. शाळेत आपण आधी अक्षरं लिहायचो आणि शब्द झाला की वरून रेघ ओढायचो. हातानं बोर्ड लिहिणारे पुष्कळ जणही असंच करतात. म्हणजे अंतरं ठरतात ती रेघ यायच्या आधी. कॉम्प्युटरवर प्रत्येक अक्षर आपल्या वाट्याची रेघ डोक्यावर घेऊनच येतं, त्यामुळे आधी रेघ जुळते आणि खालच्या जागेकडे कोणी बघत नाही.

चवथीला गणपतीच्या वर फळांची माटोळी बांधणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. गाठी समान अंतरावर मारल्या तर नारळ नारळाला टेकतो आणि सुपारीच्या घोसाच्या दोन्ही बाजूंना भोक पडतं. तो फळांमधली फट बघतो, गाठींमधली नाही.

आता तुम्ही विचाराल, हे वर्तमानपत्रात कुठे खटकतं? अंतर मोजायचं एकक टंकाच्या, म्हणजे फॉन्टच्या, आकाराचा हजारावा भाग असतं. इनडिझाइन किंवा इलस्ट्रेटरमध्ये कर्निंगच्या, म्हणजे दोन अक्षरांमधलं अंतर कमीजास्त करायच्या, चौकटीत जो आकडा येतो, तो हाच. बारा पॉइंटाच्या मजकुरात दहा एकक म्हणजे ०.०४ मिलिमीटर, शाईच तेवढी पसरते. तोच टंक एक फूट आकाराला नेलात की दहा एकक म्हणजे तीन मिलिमीटर. टंक बनवणाऱ्याने अंतरं बहुधा मजकुराच्या आकारासाठी ठरवलेली असतात, आणि लहान आकारात वाचता यावं म्हणून ती थोडी सैल ठेवलेली असतात. बॅनरवर तोच सैलपणा ओळीला पडलेल्या भोकांसारखा दिसतो.

चला, डावीकडून सुरुवात करू. र आणि व. र चा पाय तिरका खाली उजवीकडे येतो आणि व च्या पोटाजवळ थांबतो. ही जोडी जवळ घेतली की काय होतं? ख होतो. ख म्हणजे पाय आणि पोट खाली जोडलेला रव च. पणजीहून येणाऱ्या बसच्या खिडकीतून बघणाऱ्याला दोन सेकंद मिळतात, आणि त्यात तो खींद्र वाचतो. म्हणून ही जोडी मोकळी हवी. पण मोकळी करायला गेलं की रेघ तुटते. बहुतेक टंकांत अक्षराची रेघ आपल्या चौकटीबाहेर अगदी थोडी डोकावते, शेजारच्या रेघेवर चढावी म्हणून. ती चढती बाजू संपेपर्यंतच अंतर वाढवता येतं. पुढे मध्ये चीर दिसते. वेबसाइटवर `letter-spacing` वाढवलं की देवनागरीचे तुकडे दिसतात त्याचं कारण हेच. इंग्रजी मथळ्यातली सवय तिथे आडवी येते. कॅपिटल अक्षरं फाकवली की भारदस्त वाटतात, आपली फाकवली की फाटतात.

यावर उपाय उलटा आहे. जिथे वाढवायचं तिथे वाढवू नका, बाकीचं आवळा. पूर्ण मथळ्याला ट्रॅकिंग, म्हणजे सगळ्या अक्षरांमधलं अंतर एकदम, उणे वीस द्या, मग र आणि व च्या मध्ये कर्सर ठेवून अधिक वीस करा. म्हणजे ती जोडी मूळ अंतरावर परत आली, रेघ शाबूत, आणि शेजाऱ्यांच्या तुलनेत ती मोकळी दिसते. कीबोर्डवर ऑल्ट आणि बाणाची कळ एकदा दाबली की इनडिझाइन मुळात वीस एकक हलवतं, तेव्हा हे एका दाबात होतं.

पुढे वीं. इथे व ची दांडी आणि दुसऱ्या वेलांटीची दांडी या दोन सरळ उभ्या रेषा शेजारीशेजारी आहेत. सरळ शेजारी सरळ हीच जोडी सर्वात काळी दिसते, कारण वरपासून खालपर्यंत अंतर एकसारखं आणि चिंचोळं असतं. तिला आवळायचं नसतं. शिवाय वेलांटीची कमान व च्या डोक्यावर नेमकी बसलेली असते. वेलांटी सरकली की कमान भलतीकडे टेकते आणि अनुस्वारही तिच्यामागे जातो. म्हणून अक्षर आणि त्याची वेलांटी यांच्यात हात घालू नका. बहुतेक ठिकाणी कर्सर मध्ये शिरतच नाही. पण ट्रॅकिंग देताना काही प्रोग्रॅम वेलांटीलाही हलवतात, तेव्हा मोठं करून कमान एकदा तपासा. जुन्या, युनिकोड नसलेल्या टंकांत तर वेलांटी हे स्वतंत्र अक्षरच असतं. तिथे हे हमखास घडतं.

वीं नंतर द्र. सरळ दांडी आणि समोर द चं गोल पोट. गोल बाजू एकाच बिंदूपाशी जवळ येते, वरखाली पांढरं सुटतं, म्हणून सरळ-सरळपेक्षा सरळ-गोल जवळ घ्यायचं, आणि गोल-गोल त्याहून जवळ. उणे वीस आधीच दिलंय, इथे तेवढं पुरतं.

आता मला सर्वात आवडणारी जागा, दोन शब्दांच्या मधली. इथे कोणी बघत नाही. स्पेसबार एकदा दाबला की काम झालं असं धरतात. पण द्र ची उजवी बाजू बघा: दांडी आखूड, तिच्याखाली फक्त शेपूट, बाकी मोकळं. आणि पलीकडे भ. भ च्या डोक्यावर डावीकडे रेघ नसते. तिथे गाठीचा वळसा असतो, रेघ त्याच्यानंतर सुरू होते. म्हणजे रेघेच्या पातळीवर स्पेस अधिक भ चा वळसा, आणि रेघेखाली द च्या बाजूची मोकळी जागाही. तिघांची बेरीज होऊन मथळा मधोमध दुभंगतो. रवींद्र एका बॅनरवर आणि भवन दुसऱ्यावर, असं. या टंकात मला स्पेस आणखी उणे साठपर्यंत आवळावी लागली. फूटभर आकाराला ते अठरा मिलिमीटर. तुमच्या टंकात आकडा वेगळा येईल, पण दिशा हीच. ध आणि थ यांच्या डोक्यावरही बहुतेक टंकांत असाच खंड असतो, तेव्हा दुसरा शब्द त्यांच्यापासून सुरू झाला तर हाच खेळ. आणि दुसरा शब्द मंदिर असता तर? म ची रेघ डाव्या टोकापासूनच सुरू होते, तिथे उणे साठ दिलं तर शब्द चिकटतील.

शेवट भवन. भ ची दांडी आणि व चं पोट, सरळ-गोल, ठीक आहे. व ची दांडी आणि न मात्र फसवतात. न ला डावीकडे आडवी काडी आणि टोकाला गाठ असते. त्या गाठीपासून मोजलं तर अंतर बरोबर, पण काडीच्या वर आणि खाली दोन्हीकडे पांढरं पडलेलं असतं, त्यामुळे न लांब पळाल्यासारखा दिसतो. आणखी उणे दहा ते पंधरा द्या. त्यापलीकडे गेलात की गाठ व च्या दांडीला टेकते आणि लांबून जोडाक्षर वाटतं.

झालं. आता पट्टी काढा आणि सबंध मथळा उलटा करून बघा, अक्षरशः डोकं खाली. वाचता येत नाही, त्यामुळे डोळा अर्थाच्या मागे धावत नाही. कुठे काळं साचलंय, कुठे भोक पडलंय तेवढंच दिसतं. नवख्या माणसाला मी झूम करून कर्निंग करू देत नाही. झूम केल्यावर दोनच अक्षरं दिसतात, आणि समान दिसणं हा सगळ्या ओळीचा गुण आहे. पडद्यावर बॅनर तळहाताएवढा करा आणि खुर्ची मागे सरकवा.

कर्निंग आपोआप करणारी ऑप्टिकल नावाची सोय आहे ना, असं कोणीतरी नेहमी विचारतं. ती अक्षरांचे बाह्य आकार बघून अंतर ठरवते. सुट्या अक्षरांना ठीक. आपल्याकडे प्रत्येक अक्षर वर रेघेने शेजाऱ्याला भिडलेलंच असतं, आणि भिडलेली अक्षरं दूर ढकलायचा तिचा कल असतो. परिणामी कुठे चीर पडते, कुठे खालचं अंतर पूर्वीपेक्षा बिघडतं. देवनागरीसाठी मेट्रिक्स, म्हणजे टंक बनवणाऱ्याने दिलेली अंतरं, ठेवा आणि बाकी हाताने करा. गोव्यात छापखाना १५५६ साली आला, पण इथे १६१६ साली छापलेलं फादर स्टीफन्स यांचं मराठी क्रिस्तपुराण रोमी लिपीत होतं. सुट्या अक्षरांच्या हिशेबाने बनलेली साधनं आपल्या लिपीला वापरायची वेळ आजही सरलेली नाही, एवढंच म्हणेन.

दोन गोष्टी छपाईच्या. मथळ्याला बाह्यरेषा द्यायची असेल, पिवळ्यावर लाल कड वगैरे, तर आवळल्यामुळे रेघा एकमेकींवर जास्त चढलेल्या असतात आणि प्रत्येक सांध्यावर कडेची उभी रेघ उमटते. अक्षरांचे कर्व्ह करून सगळे आकार आधी वेल्ड करा, म्हणजे जोडून एकच करा, कड मग द्या. कोरलमध्ये ब्रेक अपार्ट केलंत तर व आणि भ ची पोटं भरून जातात, ती पुन्हा कंबाइन करावी लागतात. व्हिनाइल कापून लावणार असाल तरी वेल्ड हवंच, नाहीतर ब्लेड प्रत्येक सांधा कापतं.

आणि आतून दिवा असलेला बोर्ड असेल, तर मी सांगितलेलं निम्मंच आवळा. रात्री पांढरं अक्षर फुगतं, उजेड कडेबाहेर पसरतो आणि दुपारी बरोबर दिसलेली फट भरून जाते. र आणि व च्या मधली फट तर सर्वात आधी. अशा बोर्डाचा नमुना काळ्यावर पांढरा करून, थोडा धूसर करून बघा. धूसर केल्यावर रव चा ख झाला, तर वेल्ड करायच्या आधी ती जोडी आणखी उघडा आणि रेघेत पडलेली चीर एक छोटा आयत ठेवून बुजवा.