ताट बाजूला सारलं, तेव्हा काय विचारायचं

(जळगावात हिमालय ट्रेकला निघालेल्या मंडळींसमोर झालेलं व्याख्यान)

मित्रहो, एका रात्रीची गोष्ट सांगतो. आमचा कॅम्प ३,६०० मीटरवर होता. आमच्यात चोपड्याचा एक मुलगा होता, तोरणमाळची चढण सगळ्यांच्या आधी चढणारा. जेवताना त्यानं ताट बाजूला सारलं. म्हणाला, "भाऊ, माले भूकच नही." थोड्या वेळानं उलटी झाली. सगळ्यांनी दोष दिला घरून आणलेल्या शेवेला आणि ठेच्याला.

मी दोनच गोष्टी विचारल्या: जुलाब होताहेत का, आणि डोकं दुखतंय का? जुलाब नव्हते. डोकं मात्र दुपारपासून ठणकत होतं. उंचीवर नवीन असताना डोकेदुखीसोबत भूक मेली, मळमळलं, गळून गेल्यासारखं झालं, तर आधी उंचीचाच त्रास धरायचा. उलटीची गोळी देऊन तसंच वर नेणं धोक्याचं आहे. दुसऱ्या दिवशी आम्ही तिथंच थांबलो. पातळ खिचडी, गोड चहा, सगळं घोटघोट. संध्याकाळी डोकं दुखायचं थांबलं आणि त्यानं स्वतःहून भात मागितला, तेव्हा पुढे जायचं ठरलं. डोकेदुखी वाढली असती, चालताना तोल गेला असता किंवा बसल्या जागी धाप लागली असती, तर रात्रीच खाली उतरवलं असतं.

जुलाब लागले, तर पाण्यावर संशय घ्या. ओढा काचेसारखा दिसतो, पण वरच्या कुरणात मेंढ्या चरत असतात. पाणी फडक्यातून गाळा, मग उकळा. ४,००० मीटरवर ते साधारण ८७ अंशांनाच उकळतं. त्यात डाळ लवकर शिजत नाही, पण जंतू मरतात. खळखळून उकळी आल्यावर तीन मिनिटं राहू द्या. क्लोरीनची गोळी टाकली तर पाकिटावरची वेळ पाळा. एरवी अर्धा तास लागतो, बर्फगार पाण्याला त्याहून जास्त. गोळी विरघळली की झाकण जरा सैल करून बाटली उलटी धरा, म्हणजे आट्यांत अडकलेलं कच्चं पाणी धुऊन निघतं. क्लोरीनला काही परजीवी दाद देत नाहीत, म्हणून इंधन असेल तिथं मी उकळतोच.

औषधांच्या डब्यात पहिलं ओआरएस. अख्खं पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात, बहुधा एक लिटर. पेल्यात अंदाजानं चिमूटभर टाकू नका. मग पॅरासिटामॉल, उलटीची गोळी आणि जुलाब थांबवणारं लोपरामाइड. ताप असेल किंवा शौचात रक्त दिसलं, तर लोपरामाइड द्यायचं नाही. अँटिबायोटिक आणि उंचीसाठीचं अॅसिटाझोलामाइड निघण्याआधी डॉक्टरांना विचारूनच घ्या. सल्फाची अॅलर्जी असेल तर ती आवर्जून सांगा.

प्रत्येक औषध कशासाठी, किती, केव्हा, हे मराठीत चिठ्ठीवर लिहून डब्यात ठेवा. डबा सांभाळणाराच आजारी पडला, तर दुसऱ्याला ती वाचता आली पाहिजे.