पाकिटामागचं बारीक नाव

नमस्कार श्रोतेहो. ऊसतोडीचा हंगाम, पहाटेची थंडी आणि गुऱ्हाळांचा धूर, यामुळे सध्या आपल्या कोल्हापूर भागात शिंका आणि नाक गळणं घरोघरी आहे. मेडिकलमधून गोळी आणताना आपण पुढचं ठळक नाव बघतो. आज मात्र पाकीट उलटून मागचा मजकूर वाचूया, कारण झोप आणणारं औषध तिथंच ओळखता येतं.

समजा, कागलकडचा एक ट्रॅक्टरचालक. संध्याकाळी त्यानं सर्दीची गोळी घेतली आणि रात्री दोन ट्रॉल्या जोडून कारखान्याकडं निघाला. गोळीच्या पाकिटामागं तीन नावं आहेत. पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम, ते ताप आणि अंगदुखीसाठी. फिनाइलेफ्रिन १० मिलिग्रॅम, ते नाक मोकळं करण्यासाठी. आणि क्लोरफेनिरामिन मॅलिएट २ मिलिग्रॅम. या तिसऱ्या नावाकडं लक्ष द्या. इंग्रजीत ते सी, एच, एल, ओ, आर असं सुरू होतं. आकडा लहान दिसला तरी हे जुन्या पिढीचं ॲलर्जीविरोधी औषध मेंदूत सहज शिरतं. तिथला जागं ठेवणारा हिस्टामिन हा पदार्थ ते अडवतं, म्हणून गुंगी येते. डोळे जड वाटले नाहीत तरी ब्रेक मारायला उशीर होतो, आणि हे घेणाऱ्याला जाणवतही नाही. असर दुसऱ्या दिवशी सकाळीही राहू शकतो. डायफेनहायड्रामिन आणि प्रोमेथाझिन ही त्याचीच भावंडं. खोकल्याच्या औषधांच्या बाटल्यांवरही ती सापडतात.

नव्या पिढीतली नावं म्हणजे फेक्सोफेनाडिन, लोराटाडिन, बिलास्टिन. ही मेंदूत फारशी पोचत नाहीत. सेटिरिझिन आणि लिव्होसेटिरिझिन नव्यातलीच, पण काहींना त्यांनीही झोप येते. म्हणून पहिली गोळी सुट्टीच्या रात्री घेऊन बघा, कामावर निघताना नको.

मग जुनं औषध सर्दीच्या गोळीत घालतात तरी का? ते नाक सुकवतं. विषाणूच्या सर्दीत नवी औषधं त्याबाबतीत फारशी कामाला येत नाहीत. त्यांचा खरा उपयोग धुळीच्या, परागांच्या ॲलर्जीत. पण हाच सुकवण्याचा गुण आजोबांना भोवतो. प्रोस्टेट वाढलेलं असेल तर लघवी अडू शकते, काचबिंदू असेल तर डोळ्याला धोका, आणि वयस्कर माणूस रात्री गोंधळतो. चार वर्षांखालच्या मुलांना क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिनचं मिश्रण देऊ नये, असा इशारा केंद्राच्या औषध नियंत्रकांनी २०२३ मध्ये दिला आहे.

आणखी एक घोटाळा घरात होतो. डॉक्टरांनी ॲलर्जीला लिव्होसेटिरिझिन दिलेलं असतं, आणि वरून सर्दीची गोळीही घेतली जाते. दोन्ही पाकिटं शेजारी ठेवून मागची नावं वाचली, तर एकाच कामाची दोन औषधं पोटात जातायत हे लगेच कळतं. अक्षर फार बारीक असेल तर मेडिकलवाल्याला सरळ विचारा, "दादा, यात क्लोरफेनिरामिन आहे का? मला गाडी चालवायची आहे."