दोन भागीदारांचे दुकान आणि तिसरी सही

श्रोतेहो, नमस्कार. बापाचे किंवा काकाचे दुकान पुढच्या पिढीकडे जाताना कागदोपत्री काय करावे लागते, याविषयी आज बोलायचे आहे. हा विषय मोठा असल्यामुळे मी एकच उदाहरण घेतो. तालुक्याच्या गावात दोन भावांनी निम्म्या-निम्म्या भागीदारीत चालवलेले औषधांचे दुकान डोळ्यांपुढे आणा. थोरला भाऊ पासष्टीचा असून नोंदणीकृत फार्मासिस्ट म्हणून त्याचेच प्रमाणपत्र दुकानात लावलेले आहे. धाकटा भाऊ खरेदी आणि हिशेब पाहतो. थोरल्याचा मुलगा बी. फार्म. होऊन तीन वर्षे गल्ल्यावर बसतो आहे, तर मुलगी लग्न होऊन पुण्याला असते. मुलगाच दुकान सांभाळणार, हे सगळ्यांनी मनोमन धरलेले आहे. फक्त त्याचे नाव कुठल्याच कागदावर नाही.

आता यातला सर्वांत मोठा धोका पाहू. भारतीय भागीदारी कायदा १९३२ सालचा आहे. भागीदार वारला की फर्म विसर्जित होते, मात्र भागीदारीपत्रात वेगळे ठरले असेल तर होत नाही, असे त्याचे ४२वे कलम सांगते. म्हणून बहुतेक भागीदारीपत्रांत ‘एखादा भागीदार मयत झाल्यास त्याचे वारस भागीदार होतील’ असे एक वाक्य ठोकळेबाजपणे टंकलेले असते आणि तेवढ्यावर मंडळी निर्धास्त असतात. परंतु फर्ममध्ये भागीदार दोनच असतील, तर हे वाक्य दुकान वाचवू शकत नाही. एक गेल्यावर मागे एकटा माणूस उरतो, आणि एकट्याची भागीदारी असूच शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ सालच्या एका निकालातही हीच भूमिका घेतली आहे. माझ्याकडे येणाऱ्या कुटुंबांपैकी बऱ्याच जणांना ही गोष्ट दिवसकार्य आटोपल्यानंतर, बँकेत गेल्यावर कळते.

आपल्या उदाहरणात थोरला भाऊ अचानक गेला असे समजा. फर्म त्या दिवशी संपते. धाकट्याने एकट्याच्या नावाने धंदा पुढे चालवायचा म्हटले, तर फर्मचा पॅन उपयोगी पडत नाही आणि पॅनला जोडलेली जीएसटी नोंदणीही नवी घ्यावी लागते. जुन्या नोंदणीत शिल्लक असलेले इनपुट क्रेडिट नव्या नोंदणीकडे नेण्याची सोय आहे. त्यासाठी आयटीसी-०२ हा अर्ज सनदी लेखापालाच्या प्रमाणपत्रासह भरावा लागतो. घाईघाईने जुनी नोंदणी आधी रद्द करून बसलेले लोक इथेच अडकतात, म्हणून अर्ज आधी आणि रद्द करणे नंतर, हा क्रम चुकवू नये. औषधांच्या परवान्याचे घड्याळ तर याहून वेगाने चालते. फर्मची घटना, म्हणजे तिचे भागीदार, बदलली की चालू परवाना बदलाच्या तारखेपासून जास्तीत जास्त तीन महिने ग्राह्य धरला जातो आणि तेवढ्यात अन्न व औषध प्रशासनाकडून नवा परवाना मिळवावा लागतो. शिवाय ज्याच्या देखरेखीखाली औषधे दिली जात होती तो फार्मासिस्टच राहिलेला नाही, त्यामुळे तीन महिने हातात असूनही डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची औषधे दुसऱ्याच दिवसापासून देता येत नाहीत.

हिशेबाची बाजूही पाहून घेऊ. समजा दुकानात अठरा लाखांचा माल, बँकेत दोन लाख आणि गिऱ्हाइकांकडे एक लाख उधारी आहे, आणि घाऊक विक्रेत्यांचे सहा लाख द्यायचे आहेत. निव्वळ पंधरा लाख उरतात, म्हणजे थोरल्याचा वाटा साडेसात लाखांचा. मृत्युपत्र नसेल, तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे त्याची पत्नी, मुलगा, मुलगी आणि हयात असल्यास आई, सर्वांना त्यात सारखा हिस्सा मिळतो. हिशेब न मिटवता धाकट्याने तोच माल आणि तेच भांडवल वापरून धंदा चालू ठेवला, तर वेगळे काही ठरलेले नसल्यास वारसांना त्या वाट्यावरचा नफा किंवा दरसाल सहा टक्के व्याज यांपैकी एक मागता येते. साडेसात लाखांवर हे व्याज वर्षाला पंचेचाळीस हजार होते. पुतण्याने तीन वर्षे गल्ला सांभाळला, याची मात्र या हिशेबात कुठेच नोंद होत नाही.

हे सगळे टाळायचा मार्ग साधा आहे. दोघेही भाऊ धडधाकट असतानाच मुलाला तिसरा भागीदार करून घ्यावे. नवा भागीदार घेण्यास सर्व भागीदारांची संमती लागते, म्हणून काकाशी बोलणे आधी, वकिलाकडे जाणे नंतर. तारीख शक्यतो १ एप्रिल धरावी, म्हणजे ३१ मार्चला माल मोजून जुने हिशेब तिथेच बंद करता येतात. जुन्या देण्यांची जबाबदारी नव्या भागीदारावर आपोआप येत नाही, त्यामुळे त्या दिवसापर्यंतची देणी कोणाची हे नव्या भागीदारीपत्रात लिहून ठेवावे. तीन भागीदार झाले की ‘मृत्यूनंतरही फर्म चालू राहील’ या वाक्याला खरा अर्थ येतो. फर्म तीच राहते आणि पॅनही तोच. जीएसटीच्या संकेतस्थळावर भागीदारांतील बदल पंधरा दिवसांत कळवायचा, फर्म नोंदणीकृत असेल तर निबंधकांकडेही नोंदवायचा. नोंदणी नसलेल्या फर्मला थकबाकीदारावर दावा लावता येत नाही, तेव्हा राहून गेलेली नोंदणी याच वेळी उरकून घ्यावी. औषध परवाना मात्र घटना बदलल्यामुळे या वेळीही नवाच घ्यावा लागतो, परंतु आता अर्ज शांतपणे तयार करता येतो. त्याआधी मुलाची महाराष्ट्र राज्य फार्मसी परिषदेकडील नोंदणी हातात असावी आणि अर्जात दुकानाचा फार्मासिस्ट म्हणून त्याचेही नाव द्यावे.

तीनचार वर्षांनी थोरल्याला निवृत्त व्हायचे असेल, तर केवळ दुकानात येणे थांबवून भागत नाही. निवृत्तीची जाहीर सूचना निघेपर्यंत बाहेरच्या लोकांच्या दृष्टीने तो भागीदारच असतो. नोंदणीकृत फर्मच्या बाबतीत ही सूचना निबंधकांना द्यावी लागते, राजपत्रात छापावी लागते आणि दुकानाच्या जिल्ह्यात खपणाऱ्या एका मराठी वृत्तपत्रातही द्यावी लागते. कॅश क्रेडिटसाठी त्याने बँकेला वैयक्तिक हमी दिलेली असेल, तर बँकेने लेखी मुक्त केल्याखेरीज ती सुटत नाही. सूचना छापून आणणारे पुष्कळ लोक भेटतात, पण बँकेचे पत्र आणलेला माणूस मी क्वचितच पाहिला आहे.

गाळ्याचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. तो थोरल्याच्या स्वतःच्या नावावर असेल, तर भागीदारीपत्राने तो मुलाकडे जात नाही. मुलांना बक्षीसपत्र करताना दोनशे रुपयांचे मुद्रांक शुल्क लागते असे सर्वत्र ऐकू येते, पण महाराष्ट्रातली ती सवलत निवासी आणि शेतीच्या मिळकतींपुरती आहे. दुकानाच्या गाळ्याला बाजारमूल्यावर टक्केवारीने शुल्क पडते. म्हणून अनेक घरांत गाळ्यासाठी मृत्युपत्र करणे परवडते. त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, नोंदणी सक्तीची नाही, पण करून घ्यावी असे मी सांगतो. गाळा जुन्या भाड्याचा असेल, तर भाडेकरूच्या मृत्यूच्या वेळी त्या जागेत त्याच्याबरोबर धंदा करणाऱ्या कुटुंबीयाला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा भाडेकरू मानतो. मुलगा तिथे धंदा करत होता हे दाखवायला त्याच्या नावाचे भागीदारीपत्र आणि परवाना हाच चांगला पुरावा ठरतो.

राहता राहिला पुण्याच्या मुलीचा प्रश्न. दुकान मुलाला द्यायचे असेल, तर तिच्या वाट्याला काय येणार हे मृत्युपत्रात रकमेसह किंवा मिळकतीसह लिहावे. त्याच बैठकीत वाट्याची किंमत काढण्याची रीतही ठरवून भागीदारीपत्रात घालावी. माल खरेदी किमतीने धरायचा की मुदत संपत आलेली औषधे वजा करून, आणि वारसांचे पैसे किती हप्त्यांत द्यायचे, हे आधी लिहिलेले असले की पंधरा लाखांच्या दुकानातून साडेसात लाख एका दमात काढावे लागत नाहीत.