बारा ऑगस्टचा सोमवार
(खानापूर तालुक्यातल्या एका वाचनालयात दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून)

मंडळी, व्हॉट्सॲप ग्रुपात आलेली नोकरीची पोस्ट ताजी की शिळी, खरी की खोटी, हे कसं ओळखायचं ते आज सांगतो. बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीच्या ऑफिसात मी बरीच वर्षं कामगार भरती बघितली. आता निवृत्त आहे. गेल्या ऑगस्टमध्ये, म्हणजे 2025 साली, जुन्या गेटवरच्या वॉचमनचा फोन आला. ‘साहेब, एक पोरगा आलाय, तुमचं नाव सांगतोय. मुलाखत आहे म्हणतोय.’ मी म्हटलं, माझीच मुलाखत घ्यायला कोणी शिल्लक नाही, मी कुणाची घेणार?

गेलो. पोरगा तुमच्यासारखाच, आयटीआय फिटर, पहाटेची पहिली बस धरून आलेला. त्यानं मोबाईल पुढे केला. मेसेज असा होता: ‘बेळगाव उद्यमबाग येथे फिटर, टर्नर, शेल मोल्डींग हेल्पर पाहिजेत. सोमवार दि. 12 ऑगस्ट सकाळी 10 वा. थेट मुलाखत. मूळ कागदपत्रे व झेरॉक्स 2 प्रती.’ खाली संपर्काला माझं नाव आणि भलताच मोबाईल नंबर.

वाचताक्षणी ओळखलं, कारण ‘मोल्डिंग’ला दुसरी वेलांटी देण्याची खोड माझी. मेसेज मीच टाइप करून नोकरीच्या एका ग्रुपवर टाकला होता, 2019 साली.

आता ज्याला ही खोड ठाऊक नाही, त्यानं कसं ओळखायचं? मेसेजात साल नाही. पण वार आहे आणि तारीख आहे, आणि ही जोडी दर वर्षी जुळत नाही. मोबाईलचं कॅलेंडर उघडा. 2025 मध्ये 12 ऑगस्टला मंगळवार होता. सोमवार होता 2024 मध्ये, आणि त्याच्या आधी 2019 मध्ये. म्हणजे हा मेसेज किमान एक वर्ष शिळा, किंवा सहा वर्षं. कॅलेंडर उघडायला अर्धा मिनिट लागतो, आणि जुनी पोस्ट सगळ्यात जास्त इथंच पकडली जाते, कारण पोस्ट पुढे पाठवणारा वार बदलायला विसरतो.

त्या सोमवारची गंमत पुढे आहे. 2019 चा ऑगस्ट आठवा. कोल्हापूरकडचा हायवे पाण्याखाली, बेळगावातही घरं पडलेली. आम्ही मुलाखती पुढे ढकलल्या आणि त्याच ग्रुपवर दुसरा मेसेज टाकला. तो चार जणांनी वाचला असेल. पहिला मात्र सहा वर्षं फिरतोय. ‘पाहिजेत’ सगळे पुढे पाठवतात, ‘रद्द’ कोण पाठवणार? म्हणून ग्रुपात आलेली पोस्ट ही अर्धी गोष्ट समजा, उरलेली अर्धी बहुतेक वेळा प्रवासातच राहते.

इथपर्यंत पोस्ट फक्त शिळी होती. पण या शिळ्या भातात कुणीतरी मीठ घातलं होतं, माझा नंबर काढून स्वतःचा. पोरानं त्या नंबरला फोन केला होता. पलीकडच्यानं गेट पास आणि युनिफॉर्मचे म्हणून 650 रुपये यूपीआयवर घेतले. खोटी पोस्ट कोरी करकरीत क्वचितच लिहिली जाते. खऱ्या पोस्टमध्ये एकच ओळ बदलली की काम भागतं, आणि ती ओळ नंबरची. नाव, पत्ता, कामाचं वर्णन सगळं खरं राहतं, म्हणून वाचणाऱ्याला शंका येत नाही.

तेव्हा पहिलं काम: ग्रुपच्या आतला सर्च उघडा. कंपनीचं नाव टाका, मग नंबर टाका. तीच पोस्ट मागे दुसऱ्या नंबरनं आली असेल, तर दोन्ही शेजारी ठेवून वाचा, काय बदललंय ते कळेल. सर्च तुम्ही ग्रुपात आल्यानंतरचंच दाखवतो, म्हणून कालच जॉइन झाला असाल तर जुन्या मेंबरला शोधायला सांगा. दोन बाणांची ‘बऱ्याच वेळा फॉरवर्ड’ची खूण दिसली तर पोस्ट किमान पाच हातांतून आलीय हे नक्की. पण खूण नाही म्हणून ताजी, असं समजू नका. मजकूर कॉपी करून नव्यानं पेस्ट केला की ती खूण राहतच नाही.

दुसरं काम फोन. पण ‘जागा आहे का’ असं विचारू नका, त्याचं उत्तर ठग ‘आहे’ असंच देणार. काम विचारा. ‘शेल मोल्डिंगला हेल्पर म्हणजे नेमकं काय करायचं? शिफ्ट किती वाजताची? हजेरी कंपनीची की कॉन्ट्रॅक्टरची? पीएफ कुणाच्या नावावर?’ भरती बघणारा माणूस याची उत्तरं चिडून का होईना, देतो. ठग कागदपत्रांवर आणि पैशांवर येतो. शिवाय नंबर पोस्टमधून नको, कंपनीच्या बोर्डावरून किंवा गेटवरून घ्या. उद्यमबाग, मच्छे, होनगा काही परदेशात नाहीत की हो. ओळखीचा कुणी तिथं कामाला असेल, त्याला डबा खायच्या वेळी विचारलं तरी पुरे.

एक सावधगिरी. पुन्हा पुन्हा येणारी प्रत्येक पोस्ट शिळी नसते. लेबर कॉन्ट्रॅक्टर हेल्परची तीच पोस्ट दर आठवड्याला टाकतो, कारण भट्टीसमोरची माणसं खरंच टिकत नाहीत. शिनोळीकडच्या कारखान्यांच्या पोस्टाही अशाच फिरतात. तिथं तारीख बदलत असेल, माणूस आणि नंबर तोच राहत असेल, तर जागा बहुधा खरी. कामाबद्दल मात्र ती पोस्टच बरंच काही सांगून जाते.

ग्रुप कसा ओळखायचा? मेंबर किती, हे बघूच नका. शेवटच्या वीस पोस्टा काढा आणि एकच शोधा: ‘जागा भरली’ किंवा ‘ही जुनी आहे’ असं कुणी कधी लिहिलंय का? वीसमध्ये एकदाही नसेल तर तिथं पोस्टा येतात, पण त्या कुणी वाचत नाही, ॲडमिनसुद्धा. ज्या ग्रुपात ॲडमिन साल नसलेली पोस्ट उडवतो किंवा टाकणाऱ्याला ‘कुठून आली?’ विचारतो, तो साठ मेंबरांचा असला तरी धरून ठेवा.

आपल्या सीमाभागाची एक वेगळी फट आहे. महाराष्ट्रातल्या सरकारी भरतीच्या पोस्टा आपल्याकडे येतात आणि खाली कुणीतरी जोडतो, ‘865 गावांना चालते’. हे हवेतलं नाही. महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या 865 गावांतल्या मराठी उमेदवारांसाठी 10 जुलै 2008 चा शासन निर्णय आहे आणि त्यात 15 वर्षांच्या वास्तव्याचा दाखला लागतो. पण ते त्या जाहिरातीत लिहिलेलं हवं. मूळ पीडीएफ उघडा, त्यात ‘865’ शोधा. आणि वेबसाइटचा पत्ता उजवीकडून वाचा: सुरुवातीचं https:// सोडून जी पहिली तिरकी रेघ येते, तिच्या आधी शेवट .gov.in असा, gov च्या आधीच्या टिंबासकट, असला पाहिजे. मधेच कुठेतरी gov आलं म्हणजे सरकारी झालं नाही. दाखला काढून देतो म्हणून पैसे मागणारा एजंट भेटला तर आपलं गाव यादीत आहे का ते आधी स्वतः बघा.

(शेवटी एका मुलीनं विचारलं: पोस्ट फोटोच्या रूपात असेल तर सर्च चालत नाही, मग?)

बरोबर. ग्रुपचा सर्च फोटोतली अक्षरं वाचत नाही, म्हणूनच ठगांना पोस्टर आवडतं. फोटो गूगल लेन्समध्ये टाका, त्यातला मजकूर कॉपी होतो, मग तो शोधा. वार आणि तारीख तर डोळ्यांनीच बघायची. आणि त्या पोराचं विचाराल, तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर त्याच दिवशी तक्रार नोंदवली. पैसे अजून आले नाहीत. त्यानं मात्र ग्रुपात माझ्याच पोस्टखाली लिहिलं, ‘ही 2019 ची आहे’. ॲडमिननं त्यालाच काढून टाकलं.