सरासरीआड लपलेला मतभेद : परिषदेच्या सारांशांचे गुणदान

नमस्कार मंडळी. परिषदेकडे आलेल्या संशोधनाच्या सारांशांना गुण कसे द्यावेत, यावर बोलायला लागलो की पहिला प्रश्न हमखास येतो : निकष किती ठेवायचे? मला तो प्रश्न दुय्यम वाटतो. चार ठेवा, पाच ठेवा. खरा कस लागतो तो एकाच सारांशाला एका परीक्षकाने 86 आणि दुसऱ्याने 52 दिले की. अशा वेळी बहुतेक समित्या सरासरी काढतात आणि पुढच्या ओळीवर जातात. तसे का करू नये आणि त्याऐवजी काय करावे, एवढ्यावरच आज बोलणार आहे.

परीक्षकांमध्ये मतभेद होणे ही मुळीच अपवादात्मक गोष्ट नाही. यंत्रशिक्षणाच्या क्षेत्रातली न्यूरिप्स ही मोठी परिषद 2014 साली निप्स या नावाने ओळखली जायची. त्या साली तिच्या कार्यक्रम समितीच्या प्रमुख कोरिना कॉर्टेस आणि नील लॉरेन्स यांनी एक प्रयोग केला. आलेल्या निबंधांपैकी सुमारे दहा टक्के, म्हणजे 166 निबंध, त्यांनी दोन स्वतंत्र समित्यांकडे पाठवले. जवळजवळ 26 टक्के निबंधांबाबत दोन्ही समित्यांचे निर्णय वेगळे आले. त्या परिषदेत बहुतेक निबंध नाकारले जातात, त्यामुळे दोघींनी मिळून नाकारलेल्यांचा ढीग मोठाच असणार. खरी गोष्ट कळते ती स्वीकारलेल्यांकडे पाहिल्यावर : एका समितीने घेतलेल्या निबंधांपैकी निम्म्याहून जास्त दुसरीने नाकारले होते. आणि हे सगळे पूर्ण निबंध होते. आपल्यापुढे अडीचशे-तीनशे शब्दांचा सारांश असतो. त्यात लिहिलेले कमी आणि वाचणाऱ्याने मनात भरून घेतलेले जास्त, म्हणून मतभेदाला जागाही जास्त.

आता गुणपत्रकाकडे येऊ. उदाहरणासाठी पाच निकष घेऊ. प्रत्येकाला 1 ते 5 गुण आणि प्रत्येकाचा ठरलेला भार : प्रश्नाची स्पष्टता 4, पद्धत 6, निकाल 6, परिषदेच्या विषयाशी संबंध 2, लेखन 2. भारांची बेरीज 20, म्हणून कमाल गुण 100 आणि किमान 20. हा तळ लक्षात ठेवा. 52 हा आकडा दिसायला अर्ध्याच्या वर आहे, पण या मापावर तो मधल्या बिंदूच्या, म्हणजे 60 च्या, बराच खाली आहे.

भारापेक्षाही महत्त्वाचे असते ते प्रत्येक गुणाचे वर्णन. ‘3 म्हणजे बरा, 4 म्हणजे चांगला’ असे लिहिले तर प्रत्येक जण स्वतःच्या मनातला ‘चांगला’ वापरतो. वर्णन असे हवे की सारांशावर बोट ठेवून ते पडताळता येईल. ‘निकाल’ या निकषाचे मी असे लिहीन : 1 म्हणजे निकालच नाहीत, 2 म्हणजे निकालाची दिशा सांगितली आहे, पण आकडा किंवा ठोस निरीक्षण नाही, 3 म्हणजे आकडा आहे, पण कशाशी तुलना ते अपुरे, 4 म्हणजे मुख्य निकाल तुलनेसह पूर्ण, 5 म्हणजे त्यासोबत निकाल किती खात्रीचा आहे हेही दिले आहे. गुणात्मक अभ्यासांसाठी वेगळे वर्णन लागेल. आकड्यांची पट्टी मुलाखतींवरच्या अभ्यासाला लावली तर सगळे असे सारांश 2 वर अडकतात आणि दोष त्यांच्या माथी येतो.

शिवाय पद्धत आणि निकाल या दोन जड निकषांसमोर एक वाक्य लिहिणे सक्तीचे ठेवा, आणि त्या वाक्यात सारांशातला नेमका मजकूर यायला हवा. गुण सगळेच देतात. मतभेद सोडवताना उपयोगी पडते ते हे वाक्य.

सगळे गुण जमा झाले की एक्सेलमध्ये सरासरीच्या शेजारी आणखी एक स्तंभ घाला. तीन परीक्षकांचे एकूण गुण `B2` ते `D2` मध्ये असतील तर :

```
=MAX(B2:D2)-MIN(B2:D2)
```

हा फरक 20 किंवा जास्त आला, किंवा पद्धत अथवा निकाल यांपैकी एका निकषात 3 गुणांचे अंतर पडले, तर तो सारांश बाजूला काढायचा. 20 हा काही शास्त्राने दिलेला आकडा नाही. या पत्रकावर एका जड निकषात दोन गुणांचा फरक पडला तर एकूण 12 चा फरक होतो; तेवढा रोजचाच आहे. 20 ला पोचायचे तर बहुधा एकाहून जास्त ठिकाणी बिनसलेले असते.

बाजूला काढलेल्यांतही सगळ्यांवर चर्चा करत बसू नका. निवडीची रेषा साधारण 68 च्या आसपास येणार असे दिसत असेल आणि एखाद्या सारांशाला 96, 78 आणि 72 मिळाले असतील, तर फरक 24 चा असूनही निर्णय बदलत नाही. वेळ द्यायचा तो रेषेच्या दोन्ही बाजूंना गुण पडलेल्यांना. अपवाद एकच : कुणी नैतिक परवानगीबद्दल किंवा मजकुराच्या उचलेगिरीबद्दल शंका लिहिली असेल, तर गुण कितीही असोत, तो सारांश पाहायचाच.

एक सारांश नीट उलगडून पाहू. कल्पित आहे, पण असे सारांश सगळीकडे येतात. प्रश्न असा : फोनवर आठवणीचा संदेश पाठवल्याने रुग्ण ठरलेल्या दिवशी तपासणीला येतात का? संदेशांच्या आधीचे तीन महिने आणि नंतरचे तीन महिने यांची तुलना आहे. सारांशातले एक वाक्य : ‘याच काळात तपासणीची वेळ सकाळऐवजी संध्याकाळची करण्यात आली.’ आणि शेवटी : ‘प्राथमिक माहितीनुसार उपस्थिती वाढली आहे; सविस्तर विश्लेषण परिषदेत मांडू.’

पहिल्या परीक्षकाने प्रश्न, पद्धत, निकाल, संबंध, लेखन या क्रमाने 5, 4, 4, 5, 4 दिले : एकूण 86. दुसऱ्याने 4, 3, 3, 5, 4 : एकूण 70. तिसऱ्याने 4, 2, 1, 5, 4 : एकूण 52. सरासरी 69.3. रेषा 68 असेल तर हा सारांश आत, आणि मधल्याचे 70 सरासरीच्या अगदी जवळ असल्याने सगळे जुळल्यासारखे दिसते. पण ओळीओळीने पाहा. संबंध आणि लेखन यांत एकाही गुणाचा फरक नाही. प्रश्नात एकाचा. सगळे भांडण पद्धत आणि निकाल या दोन ओळींत आहे.

आता निकालाची ओळ वर्णनाला लावून बघा. ‘उपस्थिती वाढली आहे’ ही दिशा आहे, आकडा नाही. म्हणजे पत्रकाप्रमाणे 2. तिघांपैकी एकानेही 2 दिलेले नाहीत! पहिल्याने येऊ घातलेल्या विश्लेषणाला गुण दिले, तिसऱ्याने अपुऱ्या निकालाला ‘निकालच नाही’ मानले, आणि मधल्याने मधला गुण दिला. हा मताचा फरक नाहीच. पत्रक तीन प्रकारे वाचले गेले आहे. पद्धतीच्या ओळीचे वेगळे आहे. वेळ बदलल्याचे वाक्य फक्त तिसऱ्याच्या टिपणीत आले. उपस्थिती संदेशामुळे वाढली की संध्याकाळच्या वेळेमुळे, हे या मांडणीत वेगळे काढताच येत नाही. बाकी दोघांच्या नजरेतून ते वाक्य निसटले.

अशा वेळी समन्वयकाने तिघांना पत्र पाठवायचे, पण त्यात नावे आणि एकूण गुण नकोत. फक्त वादाच्या ओळी, त्या ओळींची वर्णने आणि सारांशातली ती दोन वाक्ये. विचारायचे एवढेच : हे वाक्य लक्षात घेतल्यावर या ओळीला वर्णनाप्रमाणे किती गुण? बदललेत तर का, न बदललेत तरी का, हे एका वाक्यात लिहा. मुदत तीन दिवसांची. गुण बदलण्याची सक्ती अजिबात नसावी.

समजा, निकालावर तिघेही 2 वर आले. पद्धतीला पहिले दोघे 3 देतात आणि तिसरा आपल्या 2 वर ठाम राहतो. एकूण गुण होतात 68, 64 आणि 58. सरासरी 63.3, फरक फक्त 10. सारांश रेषेखाली गेला. तिसऱ्याचे एकूण गुण वाढले तरीही सरासरी उतरली, हे मुद्दाम पाहा. पद्धतीत एका गुणाचा फरक उरला आहे. तो तसाच राहू द्यावा. दोन जाणकार माणसांत तेवढा फरक राहणारच.

हे पत्र गुण दाखवून पाठवले की चर्चा बिघडते. ज्येष्ठ व्यक्तीच्या आकड्याकडे सगळे सरकतात, किंवा ‘मी एक उतरतो, तुम्ही एक चढा’ असा सौदा होतो. तो ओळखायची खूण सोपी आहे : गुण बदललेले असतात, पण शेजारचे वाक्य जसेच्या तसे असते. तसे दिसले तर तो बदल धरू नका आणि कारण पुन्हा मागा.

कधी पत्रक नीट वाचलेले असते, वाक्यही निसटलेले नसते, तरी फरक राहतो. तेव्हा आधी त्या परीक्षकाचे सगळे सारांश एकत्र बघा. पण त्याची सरासरी संपूर्ण परिषदेच्या सरासरीशी ताडून पाहू नका. त्याच्या वाट्याला कच्चे सारांश आले असतील. तेच सारांश वाचणाऱ्या इतरांशी तुलना करा. आठपैकी सातांना तो सोबत्यांपेक्षा दहा-बारा गुण कमी देत असेल तर त्याचा हात आखडता आहे. तरीही गणिताने गुण वाढवण्याची घाई नको. सात-आठ सारांशांवर काढलेला सुधारणांक डळमळीत असतो, आणि त्या ढिगातला खरोखर वाईट सारांशही तो वर ढकलतो. त्याला वर्णने दाखवून जड निकष पुन्हा तपासायला सांगणे जास्त भरवशाचे. हे वेळेत कळावे म्हणून सगळ्यांना सुरुवातीला तेच तीन-चार नमुना सारांश द्यावेत आणि उरलेले वाटण्याआधी गुण ताडून पाहावेत.

एवढे करूनही उरतो तो खरा मतभेद. एक म्हणतो कल्पना नवी आहे, पुरावा पातळ असला तरी लोकांसमोर यावी. दुसरा म्हणतो पुराव्याशिवाय व्यासपीठ नको. इथे चौथा परीक्षक नेमला तर तो आणखी एक मत घालतो, प्रश्न सोडवत नाही. चौथा उपयोगी पडतो तो तांत्रिक शंकेसाठी, उदाहरणार्थ निवडलेली सांख्यिकी चाचणी या माहितीला चालते का. त्या विषयातला माणूस शोधा, आधीचे गुण न दाखवता त्याला पूर्ण सारांश वाचायला द्या, आणि त्याचे उत्तर फक्त वादाच्या ओळीसाठी वापरा.

नवेपणा विरुद्ध पुरावा हा निर्णय कार्यक्रम समितीचा आहे, आणि तो एकदाच घ्यायचा : या परिषदेत अपुरे पण नवे काम कुठे बसते? पोस्टरमध्ये बसते असे ठरले, तर त्या जातीचे सगळे सारांश तिकडे जायला हवेत, केवळ ज्याच्या बाजूने कुणी हिरिरीने बोलले तोच नव्हे. निर्णयासमोर तारीख आणि एक ओळीचे कारण लिहून ठेवा. नाकारलेल्या लेखकाने विचारले की त्याला सांगायचे असते ते हेच कारण, आणि पुढच्या वर्षी पत्रकातली कोणती वर्णने बदलायची हेही याच नोंदींतून कळते : ज्या ओळीवर सर्वांत जास्त सारांश अडले, तिच्यापासून सुरुवात करायची.